मदत हवी आहे: उद्याच्या लोकलसाठी काय ऐकायचं, कसं ठरवता?

डोंबिवलीहून सीएसएमटी, फास्ट लोकल. रोज रात्री अँटेनापॉड या पॉडकास्टच्या ॲपच्या रांगेत एक व्याख्यान टाकून वायफायवरच डाउनलोड करते, कारण वाटेत मध्येच नेटवर्क जातं आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं. ८० मिनिटांचं भाषण १.२५ वेगाने ६४ मिनिटांत संपतं, तेवढं प्रवासात बसतं. अडतंय ते निवडीत. विज्ञानाचे वक्ते मध्येच "हे इथे बघा" म्हणत फळ्याकडे वळतात, आणि माझा मोबाइल गर्दीत पर्सच्या तळाशी! म्हणून आधी मधला थोडा भाग ऐकून बघते, पण त्यात झोपेचं खोबरं होतं. नुसतं ऐकून समजेल अशी इतिहासाची किंवा अर्थशास्त्राची मराठी मालिका सुचवाल का? आणि रांगेत टाकलेला भाग आपोआप डाउनलोड व्हायला सेटिंग कुठे बदलायचं?