फ्लॅग, स्टार, कॅटेगरी, लेबल : मराठीत काय म्हणावं, आणि दुसऱ्या यंत्रावर ते दिसत का नाही?

मृणाल
आमच्या प्रकाशनाच्या ऑफिसात मेल कसा हाताळायचा याची एक छोटी मराठी टिपणवही तयार करतेय. चार शब्दांपाशी अडले आहे : फ्लॅग, स्टार, कॅटेगरी आणि रंगीत लेबल. सगळ्यांना सरसकट ‘खूण’ म्हणणार होते, पण परवा जे दिसलं त्यावरून हे चार प्रकार एकच नाहीत असं वाटतं.

ऑफिसात आणि घरी, दोन्हीकडे थंडरबर्ड हे मेलचं ॲप आहे. मेल आयमॅपने येतो, म्हणजे तो सर्व्हरवरच राहतो आणि सगळी यंत्रं तिथूनच बघतात. ऑफिसातल्या थंडरबर्डमधल्या तिसऱ्या रंगीत टॅगचं नाव बदलून मी ‘हिशेब बाकी’ केलंय, आणि ‘छपाईला’ असा एक नवा टॅगही बनवलाय. कागदवाल्यांच्या बिलाच्या मेलला स्टार आणि हे दोन्ही टॅग लावले. घरी तोच मेल उघडला तर स्टार जागेवर, ‘हिशेब बाकी’च्या जागी हिरव्या अक्षरात `Personal`, आणि ‘छपाईला’चा पत्ताच नाही. फोनवर फक्त स्टार. एकाच मेलवरच्या तीन खुणांच्या तीन तऱ्हा कशा?

वामनराव
फोनवर पॉप असणार. पॉपमध्ये मेल उतरवून घेतला की संपलं, खुणा वगैरे मागे राहतात. फोनवरचं खातं काढा, आयमॅपने पुन्हा जोडा, सगळं जसंच्या तसं येईल. आमच्या सोसायटीच्या खात्याला मी तेच केलं होतं.

शैलेश
वामनराव, पॉपबद्दल तुमचं बरोबर आहे. त्यात खूण ठेवायची सोयच नाही, ‘वाचलेलं’ हेसुद्धा ज्या त्या यंत्रापुरतं असतं. पण मृणालताईंच्या घरी आयमॅपच आहे आणि तरीही टॅग बदललाय, म्हणजे कारण वेगळं आहे. मी काही वर्षं एका कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळला, तिथे हा प्रश्न दर सत्राला यायचा.

‘छपाईला’ तूर्त बाजूला ठेवू. सर्व्हरला तुमच्या त्या मेलबद्दल विचारलं, तर बाकीचं उत्तर साधारण असं येईल :

```
* 412 FETCH (FLAGS (\Seen \Flagged $label3))
```

`\Seen` म्हणजे वाचलेला. `\Flagged` म्हणजे तुमचा स्टार. उलटी तिरकी रेघ असलेले हे शब्द आयमॅपच्या नियमातच ठरलेले आहेत आणि बहुतेक सगळी ॲप्स ते ओळखतात. म्हणून स्टार तिन्हीकडे दिसला. कोणी त्याला तारा काढतं, कोणी झेंडा, सर्व्हरवर दोन्ही एकच.

`$label3` हा तुमचा ‘हिशेब बाकी’. सर्व्हरला एवढंच माहीत आहे. हिरवा रंग आणि मराठी नाव तिथे कधी गेलेलंच नाही. ते ऑफिसातल्या थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये आहे. सेटिंग्जमधल्या General च्या अगदी तळाशी Config Editor आहे, तिथे `mailnews.tags` शोधा, अशा दोन ओळी सापडतील :

```
mailnews.tags.$label3.tag     हिशेब बाकी
mailnews.tags.$label3.color   #009900
```

घरच्या यंत्रावर पहिल्या ओळीत `Personal` आहे, कारण थंडरबर्ड मुळात त्याच नावाने येतो. घरच्यानेही `$label3` बरोबर वाचलं आणि स्वतःकडचं नाव दाखवलं. फोनवरच्या ॲपला `$label3` म्हणजे काय हे ठाऊकच नाही, त्यामुळे ते गप्प राहिलं. खूण पुसली गेलेली नाही, ती दाखवणारं तिथे कोणी नाही.

उषाताई
मग ‘गायब होतात’ हा शब्दच टिपणवहीत नको. ‘दिसत नाहीत’ लिहा. गायब म्हटलं की माणूस पुन्हा लावायला जातो.

मृणाल
पण ‘छपाईला’ तर घरी कुठल्याच नावाने नाही. तो?

शैलेश
पहिले पाच टॅग सगळ्या थंडरबर्डमध्ये जन्मतः असतात, `$label1` ते `$label5`. सहाव्यापासून तुम्ही बनवता, आणि तेव्हा दिलेल्या नावावरून एक किल्ली, म्हणजे `$label3` सारखं आतलं ओळखनाव, तयार होते. आयमॅपमध्ये ही किल्ली रोमन अक्षरांत आणि मधे मोकळी जागा नसलेल्या एका शब्दाचीच लागते, देवनागरी तिथे चालत नाही. त्यामुळे ‘छपाईला’चं रूपांतर न वाचता येणाऱ्या रोमन अक्षरांच्या माळेत होतं. घरच्या थंडरबर्डच्या यादीत ती किल्ली नाही, म्हणून तो ती दाखवतच नाही.

यात एक बारकी अडचण मराठीची आहे. घरी तुम्ही तोच टॅग हाताने बनवला आणि ऑफिसात ‘छपाईला’ असताना घरी ‘छपाइला’ लिहिलं, तर किल्ल्या दोन झाल्या. डोळ्यांना दोन्ही टॅग सारखेच वाटतील, पण एकाकडचा दुसरीकडे उमटणार नाही. म्हणून मी असं करायला सांगतो : दोन्ही यंत्रांवर नवा टॅग आधी `chhapai` अशा साध्या रोमन नावाने बनवा. मग दोन्हीकडे Tags मध्ये जाऊन त्याचं नाव बदलून ‘छपाईला’ करा. नाव बदललं तरी आतली किल्ली पहिलीच राहते. मराठी नावात पुढे ऱ्हस्वदीर्घाचा फरक पडला तरी खूण तुटत नाही.

नीता
फोंड्याहून लिहितेय. माझं थोडं वेगळं आहे. मी पंचायतीला पाठवलेल्या मेलला लाल झेंडा लावला होता, तातडीचं आहे हे त्यांना कळावं म्हणून. ते म्हणाले आमच्याकडे कसलाच झेंडा नाही. हेही त्या किल्लीमुळेच का?

शैलेश
नाही, नीताताई. झेंडा तुमच्या पेटीतल्या प्रतीवर लागतो, पाठवलेल्या मेलबरोबर प्रवास करत नाही. समोरच्याला तातडी कळवायची तर मेल लिहितानाच प्राधान्य ‘High’ निवडायचं. ते मेलच्या एरवी न दिसणाऱ्या हेडरमध्ये एक ओळ म्हणून जातं, आणि समोरचं ॲप बघत असेल तर उद्गारचिन्ह दाखवतं. बरीच फोनवरची ॲप्स ते दाखवतही नाहीत. विषयातच ‘तातडीचे’ लिहिलेलं बरं.

उषाताई
हे शब्दासाठी महत्त्वाचं आहे. ‘ध्वज’ म्हटलं की दुसऱ्याला दिसण्यासाठी उभारलेला, असाच अर्थ मनात येतो. नीताताईंची समजूत त्या चित्रावरूनच झाली असणार. म्हणून फ्लॅगला मी ‘खूण’ सुचवते, स्वतःसाठी केलेली. स्टारला ‘तारा’ किंवा ‘चांदणी’ काहीही म्हणा. जीमेलच्या मराठी पडद्यावर ‘तारांकित’ आहे, लोकांना ते परिचयाचं झालंय.

प्रसाद
आयफोनवर सात रंगांचे झेंडे आहेत. मी निळा ‘वाट बघतोय’साठी आणि लाल ‘आजच’साठी वापरतो. मॅकवर रंग बरोबर येतात, ऑफिसच्या थंडरबर्डवर सगळे नुसते तारे. ॲपलने स्वतःची वेगळी पद्धत केली आहे का?

शैलेश
अर्धी वेगळी, अर्धी सगळ्यांची. झेंडा लावला की `\Flagged` लागतंच, म्हणून थंडरबर्डला तारा दिसतो. रंगासाठी ॲपल आणखी तीन किल्ल्या वापरतं : `$MailFlagBit0`, `$MailFlagBit1`, `$MailFlagBit2`. एकही नसेल तर लाल. फक्त पहिली असेल तर केशरी, फक्त दुसरी तर पिवळा. तुमचा निळा म्हणजे फक्त तिसरी. तीन किल्ल्यांच्या आठ जुळण्या होतात, त्यातल्या सात वापरल्या आहेत.

यातून एक गोष्ट ओघाने येते. थंडरबर्डमध्ये तुम्ही एखाद्या मेलला तारा लावलात तर आयफोनवर तो लाल झेंडा दिसेल, म्हणजे तुमच्या भाषेत ‘आजच’. लाल रंगाला तुम्ही खास अर्थ दिला असेल तर हे लक्षात ठेवा. मी असतो तर लाल रिकामा ठेवला असता.

वामनराव
आणि जीमेलचं? तिथे तर मी ब्राउझरमध्ये निळे, जांभळे तारे, प्रश्नचिन्हं सगळं चालू केलंय. फोनच्या जीमेलमध्ये मात्र सगळे पिवळेच.

शैलेश
हो, ते बारा प्रकार ब्राउझरपुरतेच. फोनवर तारा आहे किंवा नाही, एवढंच. ब्राउझरच्या शोधात `has:blue-star` लिहिलंत तर निळे वेगळे निघतात, म्हणजे गुगलकडे नोंद शाबूत आहे.

जीमेलचं लेबल मात्र निराळं प्रकरण आहे. आयमॅपमधून बघितलं तर ते फोल्डर म्हणून दिसतं. एका मेलला दोन लेबलं असतील तर तो दोन फोल्डरांत दिसेल. लोक घाबरून एक ‘जादा प्रत’ उडवायला जातात, तसं करू नका. लेबलाचा रंग गुगलकडेच राहतो, आयमॅपने बाहेर येत नाही.

उषाताई
म्हणजे थंडरबर्डचा टॅग मेलला चिकटलेला शब्द आहे, आणि जीमेलचं लेबल बाहेरून बघणाऱ्याला कप्पा वाटतं. मग दोघांना एक शब्द नको. टॅगला ‘शेरा’ कसं वाटतं? आपण फाइलवर मारतो तसा.

मृणाल
शेरा म्हटलं की आमच्याकडे संपादकांचे लाल पेनातले शेरे आठवतात. मला ‘टॅग’च बरं वाटतं, सगळे तोंडाने तेच म्हणतात. आणि कॅटेगरी?

वामनराव
कॅटेगरी म्हणजे आउटलुकचं लेबल. तेच ते.

शैलेश
रंग दिसतो म्हणून सारखं वाटतं. आउटलुकमध्ये खातं मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर असेल तर मेलवर फक्त कॅटेगरीचं नाव लिहिलं जातं, आणि कुठल्या नावाला कुठला रंग याची यादी त्या पेटीतच वेगळी ठेवलेली असते. त्यामुळे त्याच पेटीत दुसऱ्या संगणकावरून गेलात तरी रंग बरोबर येतो. तो मेल दुसऱ्याच्या पेटीत हलवला आणि तिथल्या यादीत ते नाव नसेल, तर नाव दिसतं पण रंगाविना. आणि तेच आउटलुक आयमॅपने जोडलं, तर कॅटेगरीची सोयच मिळत नाही. वामनराव, तुमचं सोसायटीचं खातं आयमॅपने जोडलंय म्हणालात, तिथे बघा.

जीमेलमध्येही ‘कॅटेगरी’ म्हणतात, पण ती Promotions, Social वगैरे, गुगलने स्वतःच लावलेली. एकाच शब्दाखाली दोन कामं आहेत. म्हणून टिपणवहीत कॅटेगरी लिहाल तेव्हा कुणाची, हे सोबत लिहाच.

उषाताई
आउटलुकवालीला ‘वर्ग’. गुगलवालीला ‘वर्गवारी’, कारण ती आपण करत नाही, केलेली मिळते.

वामनराव
वर्ग म्हटलं की शाळेचा. पण असो, दुसरं चांगलं सुचत नाही.

मृणाल
काल बसून केलं. दोन्हीकडे `chhapai` बनवून नाव बदललं, घरी ‘हिशेब बाकी’ही लिहून घेतलं. ऑफिसात एका मेलला दोन्ही लावले, घरी लगेच दोन्ही नावं बरोबर आली. पण एक निघालं : आमचं दुसरं जुनं खातं आहे, तिथे लावलेले टॅग ऑफिसात दिसतात, घरी येतच नाहीत. आणि ऑफिसात त्या फोल्डरवर Repair Folder केल्यावर तिथूनही गेले.

शैलेश
हे मात्र खरोखर गेले. तो सर्व्हर नव्या किल्ल्या ठेवून घेत नसणार. फोल्डर उघडताना सर्व्हर कुठल्या खुणा कायमच्या ठेवतो ते सांगतो, त्या यादीच्या शेवटी `\*` असेल तर नव्या चालतात :

```
* OK [PERMANENTFLAGS (\Answered \Flagged \Deleted \Seen \Draft \*)]
```

ते `\*` नसेल तर थंडरबर्ड टॅग स्वतःच्या अनुक्रमणिकेत लिहून ठेवतो, आणि Repair Folder ती अनुक्रमणिकाच नव्याने बांधतो. तुमच्या मेल पुरवणाऱ्याला ही ओळ दाखवून विचारा. तोवर त्या खात्यात तारा आणि फोल्डर, दोनच वापरा.

उषाताई
मग त्या खात्यापुरतं ‘गायब होतात’ लिहायला हरकत नाही.