मदत हवी आहे: तक्रारीचा मेल लांबत चाललाय, जोडपत्र करू की सरळ फोन लावू?

रानवाट
नमस्कार मंडळी. हिंगणघाटकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस मी सांभाळते. आम्ही एका तेल गिरणीला सोयाबीनच्या तीन गाड्या पाठवल्या, प्रत्येकी 160 क्विंटल, भाव 4,300. ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालेल, त्यावर टक्क्याला टक्का वजन कापायचं, असं ठरलेलं आहे. पहिली गाडी विनातक्रार उतरली. दुसरीत त्यांच्या गेटवर 14 आणि तिसरीत 13.5 टक्के ओलावा निघाला. आमच्या गोदामात भरताना दोन्ही 12 च्या आत होत्या. दोन गाड्यांचे मिळून 5.6 क्विंटल कापले, म्हणजे 24,080 रुपये.

याबद्दल खरेदी व्यवस्थापकांना मेल लिहायला घेतला आणि तो वाढतच गेला. भरतानाचे आकडे, गाड्या गेटबाहेर दोन रात्री उभ्या राहिल्या आणि त्यात पाऊस झाला ती हकीकत, मीटरचे फोटो, सभासद रोज विचारतात ते, पुढच्या गाड्यांचं काय करायचं, ओलावा यापुढे आमच्याकडे मोजायचा की त्यांच्याकडे. आणि शेवटी, "तुम्ही अर्धी कपात मान्य केली तर आम्ही असं करू, नाही केली तर तसं." मोबाइलवर उघडून पाहिला तर अंगठा दुखेपर्यंत खाली जावं लागतं.

आमचे संचालक म्हणतात, सगळं लेखी असू दे, काही सोडू नका. पण ते व्यवस्थापक दिवसभर यार्डात असतात, मेल फोनवरच पाहतात. शिवाय हाच मेल पुढे इंदूरला हिशेब विभागाकडे जाणार. मेल कुठं थांबवायचा आणि कधी जोडपत्र किंवा फोनवर जायचं, हे कशावरून ठरवता तुम्ही?

बांधावरून
ताई, आधी मीटर पाहा. तुमचं मीटर कोनत्या धान्यावर लावलं होतं? आमच्याकडे एकदा हरभऱ्यावर ठेवून सोयाबीन मोजलं, आकडा पार चुकला. अन् रात्रीच्या थंड मालाचा अन् दुपारच्या तापल्या मालाचा आकडाही सारखा येत नाही. नमुना दोघांच्या सहीनं सीलबंद ठेवला असता तर मेल लिहायचं कामच पडलं नसतं.

रानवाट
भाऊ, मीटर सोयाबीनवरच होतं, फोटोत दिसतंय. नमुन्याचं मात्र पुढच्या गाडीपासून करतोच. माझा प्रश्न मेलचा आहे.

सरळसोट
माझा साधा नियम आहे. 200 शब्दांवर गेला की मेल बंद, फोन उचलायचा. लांब मेल कोणी वाचत नाही. ज्याला वाचायचंय त्याच्यासाठी सगळं पीडीएफमध्ये टाका आणि मेलमध्ये फक्त लिहा, "सोबत जोडले आहे, कृपया पाहावे."

जुनीटपाल
मी बरीच वर्षं एका दाल मिलच्या खरेदी विभागात होतो, म्हणजे असे मेल ज्याच्याकडे येतात त्या खुर्चीवर. सरळसोट यांचं निम्मं पटतं. लांब मेल वाचला जात नाही हे खरं, पण शब्द मोजून निर्णय होत नाही. एकच मागणी असेल आणि ती समजायला चार परिच्छेद लागत असतील, तर 400 शब्दांचा मेलही नीट वाचला जातो. आणि 150 शब्दांत पाच वेगवेगळी कामं असतील, तर मी त्यातलं सोपं एक करून बाकीची विसरायचो. मुद्दाम नव्हे. गेटवर गाड्या उभ्या असतात.

रानवाट, तुमच्या मजकुरात तीन प्रकारचा माल मिसळला आहे. आधी तो निवडून वेगळा करा.

पहिला म्हणजे जर-तर. "तुम्ही हे मान्य केलं तर आम्ही ते करू" अशी वाक्यं मजकुरात शोधा. एखादं असेल तर चालतं. दोन-तीन सापडली की समजा, समोरचं उत्तर माहीत नसताना तुम्ही त्याच्या प्रत्येक उत्तराला उत्तर लिहित बसला आहात. तेवढा भाग फोनचा. दहा मिनिटांत त्यांचं एक उत्तर कळेल आणि उरलेल्या शक्यता लिहायच्याच राहणार नाहीत. तुमची अर्ध्या कपातीची गोष्ट आणि ओलावा कुठं मोजायचा ते, हे दोन्ही यात येतात. सभासदांची नाराजीही तोंडीच सांगा. लेखी आली की ती आरोपासारखी वाचली जाते आणि समोरचा माणूस उत्तर द्यायच्या आधी साहेबांना विचारायला जातो.

दुसरा म्हणजे पडताळणीचा मजकूर. गाडी क्रमांक, भरल्याची तारीख, गेटवर पोचल्याची वेळ, तुमचा ओलावा, त्यांचा ओलावा, कापलेलं वजन, रक्कम. हे कोणी वाचत नाही, हे ताडून पाहतात, आणि तेही बहुधा दुसराच माणूस, तुमच्या बाबतीत इंदूरचा. त्याला दोन रात्रींची कहाणी नको, तक्ता हवा. हे जोडपत्र. एक पान, वर तारीख, फाइलच्या नावातच विषय. फोटो त्याच फाइलमध्ये पुढच्या पानांवर आणि प्रत्येकाखाली गाडी क्रमांक. सुटे पाठवले तर पुढे मेल ढकलताना कोणता फोटो कोणत्या गाडीचा हे कळत नाही.

तिसरा म्हणजे काय हवंय आणि कधीपर्यंत. हे मेलमध्येच, पहिल्या तीन ओळींत. "सोबत जोडले आहे" एवढंच लिहिलेला मेल मी संध्याकाळवर टाकायचो. यार्डात रेंज एका काडीवर असते, जोडपत्र गोल फिरत राहतं. मग ती संध्याकाळ दोन दिवसांनी यायची.

रानवाट
हे अगदी माझ्या मजकुराला लागू पडतंय, जर-तर मोजले तर चार निघाले. पण संचालकांची अडचण खरी आहे. फोनवर ते हो म्हणाले आणि नंतर फिरले तर हातात काय राहील?

जुनीटपाल
फोननंतर त्याच दिवशी मेल जातो. "आज 11 वाजता फोनवर बोलल्याप्रमाणे" असं म्हणून काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढ्या चारच ओळी. आणि शेवटी "यात काही वेगळं असल्यास उद्यापर्यंत कळवावे." दुसऱ्या दिवशी नको, कारण तोवर दोघांच्या आठवणी वेगळ्या झालेल्या असतात. संचालकांना सांगा, लांब मेलपेक्षा हा छोटा मेल जास्त कामाचा. लांब मेलमध्ये फक्त तुमचं म्हणणं असतं, यात दोघांचं ठरलेलं असतं.

निंबोणी
पुराव्याबद्दल थोडं. मेल म्हणजे लेखी नाही, शिक्क्याचं पत्रच हवं, असं अजून पुष्कळांना वाटतं. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 4 नुसार, एखादी गोष्ट लेखी हवी असं कायदा म्हणत असेल तिथं ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असून नंतर पाहता येत असली तरी चालते. तेव्हा फोननंतरचा मेल जपून ठेवा, छापून फाइललाही लावा. न्यायालयात द्यायची वेळ आली तर प्रमाणपत्र वगैरे वेगळ्या गोष्टी लागतात, ते वकिलाला विचारून.

खडू_फळा
जोडपत्राचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव सांगतो. मी अमरावती जिल्ह्यात शाळेवर आहे. आमचा लिपिक अजून कृतिदेवमध्ये टाइप करतो. वरच्या कार्यालयाला वर्ड फाइल पाठवली. त्यांच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, तर पूर्ण अहवाल इंग्रजी अक्षरांचा गिचमिड दिसला. तुमचं "सोयाबीन" तिथं `lks;kchu` असं उघडेल. त्यांनी फोन करून विचारलं तेव्हा कळलं. आता पीडीएफ करूनच पाठवतो, आणि आधी स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघतो.

आणि एक. एकाच धाग्यावर उत्तरावर उत्तर देत गेलं की जीमेल लांब मेल मधेच कापतं आणि खाली `[Message clipped]  View entire message` एवढंच दिसतं. त्याखालचा मजकूर कोणी उघडतच नाही. यावर काय करावं?

जुनीटपाल
तसं दिसायला लागलं की नवा विषय टाकून नवा मेल सुरू करा आणि आधीचं दोन ओळींत सांगा. मी तर त्याही आधी थांबायला सांगेन. एकाच मुद्द्यावर दोनदा उत्तर गेलं आणि तिसऱ्यांदा तोच मुद्दा परत आला, की लेखी बोलणं तिथं अडलं. चौथा मेल लिहिण्याऐवजी फोन.

रानवाट, तुमचा मेल मी असा लिहीन:

> विषय: सोयाबीन गाडी 2 व 3, ओलावा कपात 24,080 रु., शुक्रवारपर्यंत निर्णय हवा
>
> नमस्कार साहेब,
> गाडी 2 व 3 मध्ये ओलाव्यापोटी 5.6 क्विंटल कपात झाली आहे. भरताना दोन्ही गाड्यांचा ओलावा 12 टक्क्यांच्या आत होता. गाड्या गेटबाहेर दोन रात्री पावसात उभ्या होत्या. कपातीचा फेरविचार करून शुक्रवारपर्यंत कळवावे, ही विनंती.
> गाडीवार तक्ता व मीटरचे फोटो सोबतच्या पानांवर आहेत. हिशेब विभागाला तेवढीच पानं पुरतील.
> यावर दहा मिनिटं बोलायचं आहे. उद्या सकाळी 11 ला फोन करू का?

पुढच्या गाड्यांचं यात काढू नका. त्याचा निर्णय वेगळा, तारीख वेगळी, म्हणून मेल वेगळा.

सरळसोट
मसुदा चांगला आहे. शब्दांचा नियम मी सोडला. पण एक पटत नाही. आधी मेल कशाला? मेल वाचून माणूस बचाव तयार ठेवतो. आधी फोन करा, मन मोकळं असतं, मग मेल.

जुनीटपाल
ओळखीच्या माणसाशी तसं चालेल. पण 24 हजारांची कपात त्याला तोंडपाठ नसते. आकडे समोर नसताना फोन आला की मी "बघून सांगतो" म्हणायचो आणि गोष्ट तिथंच राहायची. आकडे आधी पोचलेले बरे.

निंबोणी
यात मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. रानवाटताईंची त्या साहेबांशी किती ओळख आहे त्यावर आहे हे.

रानवाट
मेल काल संध्याकाळी पाठवला, तक्ता आणि फोटो एकाच पीडीएफमध्ये. आज 11 ला बोलणं झालं, मेल त्यांच्यासमोर उघडा होता. तिसऱ्या गाडीची 2.4 क्विंटलची कपात ते मागे घेतायत, 10,320 रुपये. दुसरीला तयार नाहीत. पाऊस त्यांच्या हातात नव्हता म्हणतात, आणि गाड्या उभ्या राहण्याची जबाबदारी कुणाची हे करारात कुठंच लिहिलेलं नाही. दुपारी चार ओळींचा मेल टाकला, त्यांनी "ठीक" असं उत्तर दिलं.

आता दुसऱ्या गाडीसाठी संचालक मंडळाला स्वतः बोलायचंय. पाच जण एका फोनवर बसवू, की अध्यक्षांनी एकट्यानं बोलावं? कुणी असं केलं असेल तर सांगा.

बांधावरून
एकट्यानंच बोला. पाच जण बोलले का कोन काय कबूल झालं तेच समजत नाही. अन् सीलबंद नमुन्याचं करारात लिहून घ्याच.