'बीकन फायर'ला मराठी शब्द कोणता? आणि जासूद म्हणजे हेरच का?

भाषांतरवाला: एका लढाईच्या वर्णनाचं भाषांतर करतोय. डोंगरावर आग पेटवून दूरच्या सैन्याला खबर देतात, त्या 'बीकन फायर'ला काय म्हणावं? 'संकेताग्नी' लिहिलंय, पण तोंडात बसत नाही. आणि निरोप घेऊन धावणाऱ्या स्वाराला 'जासूद' चालेल का?

खाडीकाठ: दीपस्तंभ! आमच्या रत्नागिरीला आहे की. जहाजांना तोच खबर देतो.

मोडीवाचक: दीपस्तंभ रोज रात्री लागतो आणि 'मी इथे आहे' एवढंच सांगतो. इथली आग मात्र काही घडलं तरच पेटते. मी 'इशारतीचा जाळ' म्हणेन. इशारत हा सैन्यातला मुरलेला शब्द आहे. इशारतीची तोफ म्हणतातच, मग जाळ का नाही?

गडपायथा: जासूद म्हणजे हेर. बहिर्जी नाईक आठवा. निरोप्याला जासूद म्हटलं तर अर्थ चुकेल.

मोडीवाचक: अर्धं बरोबर आहे. जासूद हेरगिरी करत, पण पेशवाईच्या पत्रांत तो बहुतेक वेळा पत्रं नेणारा माणूस असतो. बऱ्याचदा जोडीने पाठवत, म्हणून 'जासूदजोडी'. वाटेत एक आजारी पडला किंवा पकडला गेला तरी दुसरा पोचावा. आज हिंदी 'जासूस'च्या सावलीत आपल्याला फक्त हेर दिसतो. मात्र जासूद मुख्यतः पायी चालणारा. तुमचा माणूस घोड्यावर असेल तर नुसतं 'स्वार' लिहा, उंटावर असेल तर 'सांडणीस्वार'.

जाळ आणि जासूद यांतला फरक सिंहगडावर नेमका दिसतो. फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमीची रात्र. गड हाती आल्यावर मावळ्यांनी पागेच्या खणांना आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असं बखरकार सभासद सांगतो. गड घेतला, हे तिथेच कळलं. तानाजी पडल्याचं मात्र दुसऱ्या दिवशी जासुदाने येऊन सांगितलं. जाळ एकच गोष्ट सांगू शकतो, तीही समोरचा ज्या गोष्टीची वाट पाहतोय तीच. किती पडले, कोण पडलं, पुढे काय करायचं, हे माणसाच्याच तोंडून किंवा कागदावरून यायचं.

माळरान: पण आगच लावायची तर लाकडं रचायची ना? पागा का जाळली?

मोडीवाचक: दोर लावून कडा चढलेली माणसं लाकडं कुठून आणणार? वाळकं गवती छप्पर काही क्षणांत पेटतं आणि ज्वाळा उंच जाते. दोन्ही गडांत सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर अंतर. तिथून शेकोटी ठिपक्यासारखी दिसेल, पेटलेली पागा नजरेत भरेल. पण गवत लवकर विझतं, त्यामुळे राजगडावर त्या दिशेला डोळे लावून कोणीतरी बसलेलंच हवं. दिवसा ज्वाळा दिसत नाही, तेव्हा ओला पाला टाकून धूर करावा लागतो. पावसाळ्यात ढग गडावर उतरले की दोन्ही निरुपयोगी.

गुंजवणे: शिवाय आमच्या मावळात उन्हाळ्यात भाताचे राब भाजतात, वणवेही लागतात. अख्खा डोंगर ठिपक्या-ठिपक्यांनी पेटलेला दिसतो. त्यात इशारतीचा जाळ कुठला, हे कसं ओळखायचं?

मोडीवाचक: नेमकी हीच अडचण. म्हणून जागा आधी ठरलेली लागते. माघात राब भाजणं अजून जोरात नसतं, हेही त्या रात्री सोयीचं.

गडपायथा: ही आग आधी ठरली होती असं कुठे म्हटलंय? लढाईत छप्पर पेटलंही असेल.

मोडीवाचक: सभासद 'लावली' म्हणतो, 'ठरलं होतं' म्हणत नाही. महाराजांनी लगेच अर्थ लावला, म्हणून मला ठरलेलं वाटतं. पण हा माझा तर्क.

खाडीकाठ: मग निशाणाने हुकूम का नाही द्यायचे? जहाजावर झेंडे बदलून देतात तसे.

मोडीवाचक: जमिनीवरच्या मराठी फौजेत निशाण 'सरदार कुठे आहे' ते सांगायचं. ते उभं तोवर पथकं त्याच्याभोवती जमणार, मागे वळलं की मोड झाली समजून पळणार. धुळीत दूरच्याला तेवढंही दिसत नाही. हल्ला कुठून, कुणी, केव्हा करायचा, हे स्वार दौडवूनच सांगावं लागे.

भाषांतरवाला: मग 'इशारतीचा जाळ' आणि 'स्वार' पक्कं. एक राहिलं: मूळ लेखात शिखरामागून शिखरावर आगी पेटत जातात. त्या साखळीला काय म्हणू?

गुंजवणे: 'जाळावर जाळ पेटत गेले' एवढंच लिहा. नाम कशाला हवंय?

मोडीवाचक: मला 'जाळांची माळ' आवडेल. पण माळ म्हटलं की दीपमाळ आठवते आणि युद्धाचा धाक जातो. अजून कोणाला सुचतंय का?