रोकोको: बरोकची उतरती कळा की वेगळीच दृष्टी?

प्रश्न (चारकोल): बरोकमध्ये दम आहे, रोकोको मात्र गुलाबी सजावट वाटते. परीक्षेत रोकोकोला ‘उथळ’ म्हटलं तर चालेल का?

जुनाकॅनव्हास: बिनधास्त लिही. 1715 मध्ये चौदावा लुई गेला, सरदार व्हर्सायहून पॅरिसच्या घरांत परतले, खोल्या लहान झाल्या नि चित्रंही. देव नाही, राजा नाही, तर मग उरतं काय?

कृष्णधवल: खोल्यांचं बरोबर, पण ‘उरतं काय’ हे चित्र बघून ठरवू. रुबेन्सचं ‘मारी द मेदिचीचं मार्सेयला आगमन’, म्हणजे फ्रान्सच्या नव्या राणीचं स्वागत, जवळजवळ चार मीटर उंच आहे. वर कीर्तिदेवता तुतारी फुंकतेय, खाली समुद्रदेव नि जलकन्या, समोर निळ्या झग्यातला ‘फ्रान्स’ स्वागताला. आपण खाली उभं राहून मान वर करायची, असाच सगळा बेत.

फ्रागोनारचा 1767 चा ‘झोका’ उंचीला जेमतेम 81 सेंटिमीटर. तो जवळ जाऊनच बघावा लागतो. डावीकडे झुडपात तरुण लपलाय, उजवीकडे अंधारात एक वयस्क माणूस झोक्याच्या दोऱ्या धरून आहे, मुलीची चप्पल हवेत उडालीय, आणि दगडी मदन ओठांवर बोट ठेवून ‘गप्प’ म्हणतोय. म्हणजे बघणाराही या गुपितात सामील! तिरकी रेघ, गती, नाट्य हे सगळं बरोकचंच. फक्त ते आता सत्तेसाठी राबत नाही. याला उथळ कसं म्हणायचं?

आणि रंग नीट बघ. फिका गुलाबी फक्त झग्यात नि थोडा फुलांत आहे. भोवतीची झाडी गडद निळी-हिरवी आहे, म्हणून तर तो झगा उजळतो. 2021 मध्ये जुनं पिवळं पडलेलं वार्निश काढलं. त्याआधीच्या फोटोवरून रंगांबद्दल लिहू नकोस.

मांडवीकाठ: आमच्या गोव्यातल्या चर्चमधल्या वेदींवर भरपूर सोनं आणि वेलबुट्टी आहे. म्हणजे त्या रोकोकोच ना?

कृष्णधवल: सोन्यावरून ठरत नाही, ते दोन्हीकडे असतं. पिळदार खांब नि भरीव, वजनदार मांडणी दिसली तर बरोककडे झुकतं. शिंपल्यासारखे, दोन बाजू सारख्या नसलेले नाजूक आकार मोकळ्या जागेत पसरले असतील तर रोकोको. एकाच वेदीवर दोन्ही सापडू शकतात.

तिसरीरेघ: गुपितात सामील म्हणताय, पण गुपित कुणाचं? त्या काळचा फ्रेंच नाटककार कोले, त्याच्या रोजनिशीत नोंद आहे: ‘झोका’च्या गिऱ्हाइकाने आधी द्वायां या चित्रकाराला विचारलं होतं. झोका बिशपने द्यावा, आणि मला अशा जागी बसव की तिचे पाय दिसतील, ही त्याची मागणी. द्वायांने नकार दिला. हा ‘खाजगी आनंद’ पैसे मोजणाऱ्या पुरुषाचा आहे. रुबेन्सची मारी निदान स्वतःच्या राजवाड्यासाठी स्वतःची चित्रं काढून घेत होती.

कृष्णधवल: मागणी तशीच होती, मान्य. पण फ्रागोनारने बिशप गाळला, आणि चित्राचा सगळा उजेड त्या मुलीवर टाकला. चप्पल तीच भिरकावतेय.

तिसरीरेघ: उजेड तिच्यावर आहे, पण चित्रातली तरुणाची जागा गिऱ्हाइकाने सांगितलेलीच राहिली. मला नाही पटत.

चारकोल: ‘उथळ’ खोडलं. आता दोन्ही चित्रांची मापं लिहून, बघणारा कुठे उभा राहतो यावरून सुरुवात करते.