मदत हवी आहे: नातेवाईकांना माझं नेमकं काम काय ते कळतच नाही, समारंभात कसं सांगावं?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. सिव्हिलचा डिप्लोमा केला, सहा वर्षं पुण्यात एका कंत्राटदाराकडे काढली आणि दोन वर्षांपूर्वी घरी परत येऊन स्वतःचं वॉटरप्रूफिंगचं काम सुरू केलं. हाताखाली तीन कामगार आहेत. कामं बरी मिळतात, पण सगळी हार्डवेअरच्या दुकानदारांकडून. नात्यातून आजवर एकही आलेलं नाही, आणि आमचं नातं म्हणजे गावाकडच्या घरी गौरी जेवायला साठ पानं उठतात एवढं.

मे महिन्यात मामांनी गच्चीचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं. मला ते जूनमध्ये कळलं. मामी अगदी साधेपणानं म्हणाली, "अरे, तू तर घरं बांधतोस ना? गळतीचं पण बघतोस होय?" त्यात तिची काहीच चूक नाही. "काय करतोस सध्या?" असं कुणी विचारलं की मी "वॉटरप्रूफिंग कॉन्ट्रॅक्टर" म्हणतो. समोरचा "बरं बरं, बांधकामात" म्हणतो आणि विषय संपतो.

दोन प्रयत्न करून झाले. चुलत बहिणीच्या मुलाच्या मुंजीत चाळीसेक कार्डं वाटली, फोन एकही आला नाही. मग मावशीच्या वास्तुशांतीला सगळे गच्चीवर उभे असताना मी म्हणालो, "इथं उतार पाइपकडे नाही, कोपऱ्यात पाणी साठणार." बोललो ते खरंच होतं. पण काका गप्प झाले आणि मावशीचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून मला समारंभात कामाचं काही बोलायचीच भीती वाटते.

गणपती तोंडावर आलेत. दिवाळीनंतर समाजाचं स्नेहसंमेलनही आहे. माझं बोलणं ओझं वाटू नये, पण गरज पडेल तेव्हा लोकांना माझं नाव आठवावं, असं नेमकं काय आणि कसं बोलावं?

मोगरा_गजरा:
कार्ड कुणी जपून ठेवत नाही. त्यापेक्षा फ्रिजला चिकटणारं लोहचुंबकाचं कार्ड करा, ते वर्षभर डोळ्यांसमोर राहतं. आणि सरळ जाहीर करा, जो काम आणून देईल त्याला पाच टक्के. माझा दीर फर्निचरचं काम करतो, तो असंच करतो. पैसे दिसले की सगळ्यांना आठवण राहते.

गोदाकाठची_आजी:
मी नाशिकला बावीस वर्षं वाळवी नियंत्रणाचा व्यवसाय करते. तुमच्यासारखंच आहे माझं काम. गरज पडेपर्यंत कुणाला ते आठवत नाही, आणि गरज पडते तेव्हा लोक घाईत असतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमची पहिली अडचण शब्दाची आहे. तुमची मामी घरात "वॉटरप्रूफिंग करायचंय" असं कधी म्हणाली असेल का? ती म्हणते, भिंतीला ओल आलीय, पोपडे निघतायत, पंख्याजवळ डाग पडलाय. तिच्या डोक्यात ही तक्रार एका जागी आहे आणि तुमचा व्यवसाय दुसऱ्या जागी. तुम्ही तिच्याच शब्दांत सांगा: "पावसात छत गळतं, भिंतीला ओल येते, ती कुठून येते ते शोधतो आणि बंद करतो." एवढं बोलून थांबा. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. ज्याच्या घरी ओल असेल तो स्वतःहून बोलेल. ज्याच्या घरी नसेल त्याला तुमचं वाक्य पाठ होईल, तेही पुष्कळ झालं.

कुणी बोललं की लगेच उपाय सांगू नका, दोन प्रश्न विचारा. ओल पावसातच दिसते की बारा महिने? वरच्या बाजूला काय आहे, गच्ची की न्हाणीघर? असे प्रश्न विचारणारा जाणकार आहे हे लोकांना कळतं, त्यासाठी वेगळं काही बोलावं लागत नाही. मग एखादं नुकतंच केलेलं काम मिनिटभरात सांगा. फक्त कुणाचं घर ते सांगू नका, नात्यात खुणेवरून माणसं घर ओळखतात.

आणि काम मागू नका, खूण द्या. मी म्हणायचे, "कुणाच्या दाराच्या चौकटीवर मातीची बारीक रेघ चढलेली दिसली तर मला कळवा." तुमची खूण मला सुचते ती अशी: दोनदा रंग दिला तरी तोच डाग परत येतो. हे वाक्य ज्याच्या कानावर पडेल त्याला तुम्ही आठवाल.

साठ जणांशी बोलायचंही कारण नाही. नात्यात तीन-चार माणसं अशी असतात, ज्यांना बाकीचे विचारतात. एखादे काका सोसायटीचे अध्यक्ष असतात, एखादी आत्या भिशी चालवते, कुणी रंगाच्या दुकानात असतं. त्यांच्याशी निवांत बोला.

वास्तुशांतीचं मनाला लावून घेऊ नका, पण नियम पक्का करा. यजमानाच्या घरातला दोष त्यानं विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि विचारला तरी चार लोकांत नाही. दोन दिवसांनी फोन करून "काका, पावसाआधी त्या कोपऱ्यात एकदा बादलीभर पाणी ओतून बघा" म्हणाला असतात, तर त्यांनी तुम्हालाच बोलावलं असतं. तेराव्याला, दहाव्याला कामाचा विषय काढायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

पाच टक्क्यांबद्दल मला वेगळं वाटतं. आत्यानं नाव सुचवलं आणि नंतर कळलं की तिला पैसे मिळाले, तर तिच्या शब्दाची किंमतच जाते. त्यापेक्षा ज्या दिवशी जागा बघून याल त्याच दिवशी तिला फोन करा, "जाऊन आलो, अमुक करायचं ठरलं." तिनं तिचा शब्द टाकलेला असतो, तिला घोर असतो.

कोर्टकचेरी:
सल्ला चांगला आहे, पण प्रत्येक व्यवसायाला चालणार नाही. मी वकील आहे. बार कौन्सिलच्या नियम 36 प्रमाणे आम्हाला काम मागायला, जाहिरात करायला मनाई आहे, दलाल ठेवणं तर दूरच. त्यामुळे लग्नात कुणी "माझ्या भाडेकरूचं काय करू" विचारलं तर मी ऐकून घेतो आणि कागद घेऊन ऑफिसला या म्हणतो, त्यापुढे जात नाही. धागाकर्त्याला असं बंधन नाही, पण हा धागा वाचणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी खूण द्यायच्या आधी नियम वाचावा.

ठाणेकर_७:
बरं झालं धागा दिसला. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या छताला ओल आहे. वरच्यांचं न्हाणीघर बरोबर तिथेच येतं. ते म्हणतात आमच्याकडे सगळं कोरडं आहे. कोणतं केमिकल मारावं?

पंचगंगाकाठ:
@ठाणेकर_७, खालून काहीही मारू नका. पाणी वरून येतंय, खालून लेप दिला तर ते बाजूला सरकून दुसरीकडे निघेल. आधी एक सांगा, वरची मंडळी आठवडाभर गावाला गेली की ओल कमी होते का? कमी होत असेल तर पाणी वापराचं आहे, फरशीच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपच्या कडेनं उतरत असणार. ते नसतानाही तशीच राहत असेल तर भिंतीतल्या नळाच्या लाइनवर संशय घ्या, तिच्यात चोवीस तास दाब असतो. मात्र स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी सुकायला वेळ लागतो, दोन दिवसांत निष्कर्ष काढू नका. वरच्यांची तयारी असेल तर ट्रॅप बंद करून न्हाणीघरात दोनेक इंच पाणी अठ्ठेचाळीस तास साठवा, पातळीची पेन्सिलीनं खूण करा आणि खाली बघत राहा.

ठाणेकर_७:
मागच्या दिवाळीत ते पंधरा दिवस नव्हते तेव्हा डाग नक्की फिकट झाला होता! हे लक्षातच आलं नव्हतं. आभारी आहे. माझी सासुरवाडी गडहिंग्लजची, तिथे गच्चीची नेहमीची रड आहे. विचारून बघतो.

गोदाकाठची_आजी:
@पंचगंगाकाठ, वर ठाण्याच्या प्रश्नाला उत्तर देताना तुम्ही जसे बोललात, तसंच गौरीच्या पंगतीत बोला. मला वेगळं काही शिकवायचं उरलेलं नाही.

साधी_राहणी:
माझं मत उलटं आहे. माझ्या नवऱ्यानं नात्यातली इंटिरियरची दोन कामं घेतली. पहिल्यांनी घरचाच म्हणून निम्मे पैसे अडकवले, आणि दुसऱ्यांच्या कपाटाचं दार वाकलं ते तीन वर्षं प्रत्येक लग्नात ऐकतोय. परक्याचं काम बिघडलं तर एक गिऱ्हाईक जातं, नात्यातलं बिघडलं तर माहेर जातं. नातेवाईकांचं काम घेऊच नये, त्यांच्या ओळखीच्यांचं घ्यावं.

गोदाकाठची_आजी:
@साधी_राहणी, तुमचं दुःख खरं आहे. मी नात्यातही लेखी अंदाजपत्रक देते, त्यात काय होणार नाही तेही लिहिते, आणि निम्मे पैसे आधी घेते. तरीही दोन घरं दुरावलीच.

पंचगंगाकाठ:
गौरी जेवण झालं, म्हणून लिहितोय. पंगत उठल्यावर ओसरीवर तात्या, आत्या आणि दोन चुलतभाऊ बसले होते. तात्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय, बांधकाम जोरात का?" मी म्हणालो, "बांधकाम नाही तात्या. पावसात छत गळतं, भिंतीला ओल येते, ती कुठून येते ते शोधून बंद करतो." आणि गप्प बसलो. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मला फार अवघड गेलं ते.

मग आत्या म्हणाली, "आमच्या जिन्याच्या भिंतीला कायम ओल असते बघ. दोनदा रंग दिला." मी विचारलं, "उन्हाळ्यात पण?" ती म्हणाली, "हो की, मे महिन्यात पण." जिन्याच्या वर काय आहे विचारलं, तर पाण्याची टाकी. तेवढ्यावर मी थांबलो आणि सोमवारी सकाळी तिच्या घरी गेलो.

टाकीचा फ्लोट खराब झालेला. मोटर चालू राहिली की टाकी भरून वाहायची आणि पाणी कठड्याच्या फटीतून जिन्याच्या भिंतीत उतरायचं. वॉटरप्रूफिंगचं मोठं काम काही नव्हतंच. नवा फ्लोट आणला, फट भरली, आणि भिंत दिवाळीपर्यंत पूर्ण वाळू दे, मगच रंग दे, असं सांगितलं. पैसे फक्त सामानाचे घेतले.

काल आत्याच्या भिशीतल्या एका बाईंचा फोन आला, गच्ची बघायला या म्हणून. आत्यानं त्यांना सांगितलंय, "येतो, बघतो, पैसे घेत नाही." त्यांचं घर गारगोटीला आहे, जाऊन येण्यात अर्धा दिवस जाणार. इतरांकडून मी जागा बघायचे पाचशे घेतो आणि काम ठरलं की बिलातून वजा करतो. आत्याचा शब्द खाली पडू न देता हे या बाईंना फोनवर आधीच सांगावं, की पहिल्या खेपेला तसंच जाऊन यावं? शनिवारी जायचंय.

साधी_राहणी:
आधीच सांगा. आणि त्यांच्याही आधी आत्याला सांगा.

मोगरा_गजरा:
पहिल्यांदा तसेच जा हो, भिशीत बारा बायका असतात!