विषय: मंडळाचा लॅपटॉप: चार्जर लावलेला, बॅटरी मात्र शून्यावरच

मेधा (कार्यवाह), सोमवार

सप्रेम नमस्कार,

शनिवारच्या एकांकिकांचे सगळे पार्श्वसंगीत आणि तिकिटांची यादी ज्या लॅपटॉपवर आहे, तो काल तालमीत दोनदा अचानक बंद पडला. अडॅप्टरवरचा हिरवा दिवा लागलेला असतो आणि लॅपटॉप सुरूही होतो, पण पडद्यावर `0% available (plugged in, not charging)` एवढेच दिसते आणि तीन तासांनंतरही आकडा हलत नाही. कोणाचा पाय वायरीला लागला की सगळे काळोखात. नवा अडॅप्टर मागवायचा असेल तर तो गुरुवारपर्यंत हाती यायला हवा, म्हणून कोषाध्यक्षांची मंजुरी आजच मिळावी ही विनंती.

मेधा

---

विनायक, सोमवार

मेधाताई,

हा अडॅप्टर लॅपटॉपबरोबर पुण्याहून आलेला आहे आणि तो तिकडच्या २३० व्होल्टसाठी बनवलेला आहे. इथल्या १२० व्होल्टवर तो अर्ध्याच ताकदीने चालतो. लॅपटॉप चालवण्यापुरते भागते, पण बॅटरी भरण्याइतके उरत नाही. मागच्या वर्षीच्या सभेत मी हे सांगितले होते, पण इतिवृत्तात त्याची नोंद झालेली नाही. नवा अडॅप्टर घ्यावा, यात चर्चेचे काही कारण मला दिसत नाही.

विनायक

---

शलाका, सोमवार

आमच्या घरीही अगदी हेच झाले होते! आमची बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे जातच नव्हती. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून कंपनीनेच तशी सोय ठेवलेली असते आणि ती सेटिंगमध्ये बंद करता येते, असे मुलाने शोधून काढले. कृपया पैसे खर्च करण्याआधी हे पाहावे.

शलाका

---

अरविंद, सोमवार रात्री

सर्वांस नमस्कार,

शलाकाताईंचे म्हणणे खरे आहे, पण ती सोय ८० टक्क्यांवर थांबवते, शून्यावर नव्हे. विनायकरावांचा हिशेब अडॅप्टरच्या पाठीवरच तपासता येईल. तिथे `INPUT 100-240V` असे छापलेले असेल तर तो दोन्ही देशांत तितकीच वीज देतो.

मेधाताईंच्या पत्रात मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच: लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही. या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते. वीज तिच्यातून जात नाही, ती बाहेरच्या नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूने जाते. मधल्या पिनवरून अडॅप्टर लॅपटॉपला फक्त आपली ओळख सांगतो, की मी अमुक इतक्या वॉटचा आहे. ही ओळख पटली नाही तर लॅपटॉप आलेल्या विजेवर चालतो खरा, पण बॅटरी भरायला नकार देतो आणि स्वतःचा वेगही कमी करतो. म्हणून हिरवा दिवा पाहून अडॅप्टर चांगला म्हणता येत नाही, आणि शून्य टक्के पाहून वाईटही म्हणता येत नाही. पिन वाकली, अडॅप्टरमधली ओळखीची चिप जळली, किंवा लॅपटॉपच्या भोकातला जॅक ढिला झाला, तिन्ही वेळा पडद्यावर तेच दिसते.

तेव्हा खरेदीआधी दोन गोष्टी कराव्यात. एका हाताने पिन भोकात घट्ट, अजिबात न हलवता धरावी आणि दुसऱ्या हाताने पिनच्या मानेजवळची वायर हळूच वाकवावी. लॅपटॉप बंद पडला तर दोष अडॅप्टरच्या वायरीत. मग उलट, वायर स्थिर ठेवून पिनच वर-खाली दाबावी. आता बंद पडला तर संशय जॅकवर. दुसरे म्हणजे त्याच कंपनीचा, तेवढ्याच किंवा जास्त वॉटचा दुसरा अडॅप्टर आपल्या लॅपटॉपला आणि आपला अडॅप्टर त्या दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहावा. एकाच बाजूने अदलाबदल करून निष्कर्ष काढू नये, कारण नव्या अडॅप्टरची पिन थोडी घट्ट बसते, ढिला जॅकही आठवडाभर गप्प राहतो आणि मग दुखणे पुन्हा वर येते.

सुरू करताना `F2` दाबून आत गेल्यास अडॅप्टर किती वॉटचा ओळखला गेला तेही दिसते.

अरविंद

---

विनायक, मंगळवार

काकांच्या अनुभवाबद्दल आदर आहेच. तथापि, पिन भोकात ढिली बसते हे मला गेल्या दिवाळीपासून ठाऊक आहे आणि त्यासाठी मी स्वतः कागदाची घडी करून जॅकच्या खालच्या बाजूला सारून दिली होती. त्यानंतर तक्रार आलेली नव्हती. त्यामुळे जॅकचा प्रश्न सुटलेला असून आता अडॅप्टरच उरतो.

विनायक

---

मेधा, मंगळवार रात्री

अरविंदकाका,

निखिलकडे त्याच कंपनीचा लॅपटॉप असल्याने सगळे करून पाहिले. आपल्या अडॅप्टरवर `INPUT 100-240V` आणि `OUTPUT 19.5V 3.34A` असे छापलेले आहे, म्हणजे तो ६५ वॉटचा. वायर वाकवून काहीच झाले नाही; पिन खाली दाबताच लॅपटॉप बंद. आपला अडॅप्टर निखिलच्या लॅपटॉपला लावला तर त्याची बॅटरी बिनतक्रार भरू लागली, वायर हलवली तरीही. उलट त्याचा ९० वॉटचा अडॅप्टर आपल्या लॅपटॉपला लावल्यावर `F2` च्या पानावर `Unknown` दिसले. पिन बोटाने वर उचलून धरली तेव्हा तिथे `90 W` आले, आणि मी तशीच बोट धरून वीस मिनिटे बसले तेव्हा आकडा २ टक्क्यांवर गेला. बोट काढले आणि भरणे थांबले.

कागदाची घडी आम्ही काढली. तिची एक कड तपकिरी झाली होती.

मेधा

---

अरविंद, बुधवार

मेधाताई,

मग अडॅप्टर मागवू नये. दोष जॅकचा आहे. ती तपकिरी कड मात्र सर्वांनी लक्षात घ्यावी. ढिल्या जागी वीज अडत-अडत जाते आणि तिथेच उष्णता होते, म्हणून भोकात कागद ठेवणे धोक्याचे आहे. विनायकरावांचा हेतू चांगलाच होता.

मी लॅपटॉपचा नमुना पाहिला. यात जॅक मदरबोर्डला झाळलेला नसून छोट्या वायरीने आणि कनेक्टरने जोडलेला आहे. मागचे झाकण उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग जॅक बदलायचा. अर्ध्या तासाचे काम. जॅक बोर्डावरच झाळलेला असता तर मी हात लावला नसता. भाग शनिवारच्या आत येणार नाही, म्हणून पार्श्वसंगीत पेन ड्राइव्हवर घेऊन निखिलच्या लॅपटॉपवरून वाजवावे, हेच बरे.

दुसरे, जॅक बदलल्यावर बॅटरी नीट भरेलच अशी खात्री मी देत नाही. लॅपटॉपवर Command Prompt ची खिडकी उघडून पुढील आज्ञा द्यावी आणि तयार होणारा अहवाल मला पाठवावा:

```
powercfg /batteryreport
```

अरविंद

---

मेधा, बुधवार

अहवालात `DESIGN CAPACITY` पुढे ४२,००० आणि `FULL CHARGE CAPACITY` पुढे १७,३०० आहे. हे वाईट का?

---

अरविंद, बुधवार

नवी असताना जेवढी साठवण होती तिच्या सुमारे ४१ टक्केच उरली आहे. जॅक बदलल्यावर ती भरेल, पण पूर्वी तीन तास चालत असेल तर आता सव्वा तासाच्या आसपास चालेल. फार दिवस शून्यावर पडून राहिल्याने बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने ती कायमची बंद केली असती तर काहीच झाले नसते, पण मेधाताईंच्या बोटाखाली ती २ टक्के चढली, म्हणजे जिवंत आहे. जॅक आधी, बॅटरीचे नंतर पाहू.

---

विनायक, गुरुवार

जॅकच्या खर्चाला माझी हरकत नाही. बॅटरीवर आणखी खर्च करायचा की जुना लॅपटॉप केवळ तिकीट खिडकीवर प्लगला लावून वापरायचा, हा विषय मात्र ई-पत्रांतून न ठरवता पुढच्या बैठकीत घ्यावा, आणि या वेळी इतिवृत्तात यावा.

विनायक