अनुभव धागा: दारावर पास स्कॅन करताना शीटने काय काय दाखवलं?

शेवंती
काल सोसायटीच्या ग्रुपवर दिवाळी पहाटच्या पासांचा विषय निघाला आणि आमच्या मंडळाची एक पहाट आठवली. सभागृहाच्या दारात लॅपटॉप, त्याला जोडलेला हातातला स्कॅनर आणि गुगल शीट. पास स्कॅन केला की कोड A मध्ये उतरायचा, शेजारी हा फॉर्म्युला:

```
=IF(A2="","",IF(ISNA(MATCH(A2,'यादी'!A:A,0)),"अवैध",IF(COUNTIF(A$2:A2,A2)>1,"दुबार","ठीक")))
```

पहिल्याच काकांना 'अवैध'. मग त्यांच्या मागच्यांना, मग सगळ्यांनाच. पासवर 00417 छापलेलं, शीटमध्ये आलं 417. यादीत मात्र शून्यांसकट. रांग जिन्यापर्यंत गेली. रकाना प्लेन टेक्स्ट करून पास पुन्हा स्कॅन केले तेव्हा गाडी रुळावर आली. तुमचे अनुभव सांगा.

धडपड्या
TRIM लावायचं ना. MATCH(TRIM(A2),...) केलं की हे सगळं सुटतं. आमच्या शिबिरात दरवर्षी तेच लावतो.

रानवारा
@धडपड्या तुमच्या कोडांना पुढे शून्य नसणार. TRIM ने आकड्याचा मजकूर होतो, म्हणून तुमचं जुळतं. पण 417 चा 00417 होत नाही. एकदा स्कॅन झालेलं वाचवायचं असेल तर MATCH मध्ये A2 च्या जागी TEXT(A2,"00000") घाला. नंतर रकाना नुसता प्लेन टेक्स्ट केला तर गेलेली शून्यं परत येत नाहीत, म्हणूनच शेवंतीताईंना पुन्हा स्कॅन करावं लागलं. ओळखायची सोपी खूण: सेलमध्ये आकडा उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे. मी तर कोड छापतानाच पुढे एक अक्षर लावतो, K0417 असं. मग शीट त्याला आकडा समजतच नाही.

माजघर
अक्षर लावलं की आमच्यासारखं होतं 😄 लॅपटॉपवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला होता. स्कॅनर म्हणजे शेवटी कीबोर्डच, K च्या जागी 'ख' टाइप व्हायला लागलं. पूर्ण यादी अवैध. भाषा इंग्रजी केली आणि सुटलं. (कुकर लावलाय, बाकीचं नंतर.)

आजोळ
आमच्याकडे उलट झालं. आधीच्या कार्यकर्त्याने केलेल्या शीटमध्ये VLOOKUP च्या शेवटी FALSE नव्हतं. यादी 00649 ला संपत होती. कोणीतरी 00650 आणला तर शीटने 00649 वाल्यांचं नाव दाखवून 'ठीक' म्हटलं! लाल आलं तर माणूस निदान थांबून बघतो, चुकीचं हिरवं कोण तपासणार? तेव्हापासून दार उघडण्याआधी यादीत नसलेला एक कोड मुद्दाम टाकून बघते.

सायली७
स्कॅनर कुठला घ्यावा? आमच्या वाचनालयात पुस्तकांना बारकोड लावायचेत.

शेवंती
@सायली७ त्याचा वेगळा धागा काढा ना, इथे हरवेल.
'दुबार'चं राहिलंच सांगायचं. एक आजी आल्या, हातात पासची प्रिंट. शीट म्हणाली दुबार. त्यांचा मुलगा त्याच पासावर आधी आत गेला होता, आणि पास चौघांचा! आजी मला प्रिंटवरचा 'व्यक्ती ४' दाखवत होत्या. दारावरच्या मुलाने त्यांना बाजूला उभं केलं होतं, ते बघून फार वाईट वाटलं.

रानवारा
तिथे 'एकापेक्षा जास्त' ही अटच चुकीची. यादीत C मध्ये जागा लिहा आणि त्यांच्याशी तुलना करा. MATCH वाली अवैधची तपासणी याच्या आधी हवीच:

```
=IF(COUNTIF(A$2:A2,A2)>XLOOKUP(A2,'यादी'!A:A,'यादी'!C:C),"जास्त","ठीक")
```

यात प्रत्येक माणसामागे एक स्कॅन हवा. शिवाय स्कॅनर कधी एकाच पासवर दोनदा वाजतो. लागोपाठच्या दोन ओळींत तोच कोड दिसला तर आधी ते बघा. तासाभराने तोच कोड आला तर मात्र फॉरवर्ड झालेला स्क्रीनशॉट असू शकतो. म्हणून शेजारी वेळ हवी. NOW() लावू नका, शीट बदलली की तो बदलतो. Ctrl+Shift+; ने वेळ कायमची बसते, पण दर स्कॅनला ती दाबायला माणूस लागतो.

धडपड्या
बरोबर, आमचे कोड 1001 पासून सुरू होतात. शून्याचा विचारच केला नव्हता. पण दोन दारं असली तर काय? आम्ही दोन टॅब ठेवतो आणि दोन्हींचा COUNTIF जोडतो.

रानवारा
मग दुसऱ्या दारावर तोच कोड आला की पहिल्या दाराची जुनी ओळही 'दुबार' होते. आधी कोण आलं ते वेळेवरूनच काढावं लागतं. यावर मला अजून चांगला उपाय सापडलेला नाही.

आजोळ
आणि सभागृहाचं नेट गेलं तर दोन्ही टॅब आपापलंच सांगणार. आम्ही एकच दार ठेवतो, रांग मोठी झाली तरी.

माजघर
आले. शेवंती, त्या आजींना आत सोडलं ना शेवटी?

शेवंती
हो गं, लगेच. पुढच्या रांगेत बसवलं. फराळाच्या टेबलावरही हाच पास स्कॅन करायचा होता, ते प्रकरण रात्री लिहिते.